पार्टीचे नियम आधी यजमानाला

नऊ वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका कंपनीत एचआरमध्ये होते. लोणावळ्याजवळच्या रिसॉर्टवर एका रात्रीच्या मुक्कामाची ऑफसाइट ठरली आणि निघायच्या आधी मी सगळ्यांना मेल पाठवली. तिच्यातली वाक्ये मला अजून पाठ आहेत. ‘आपण सर्व सुजाण आणि जबाबदार आहात. आपली मर्यादा ओळखा. आपण कंपनीचे प्रतिनिधी आहात हे विसरू नका. आपल्या वागण्यामुळे सहकाऱ्यांना, विशेषतः महिलांना, अवघडल्यासारखे होणार नाही याची काळजी घ्या.’

दुसऱ्या दिवशी अकाउंट्समधले एक पन्नाशीचे सहकारी माझ्या टेबलापाशी आले. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, “मॅडम, मुलगा हॉस्टेलवर गेला तेव्हा मी त्याला असंच पत्र लिहिलं होतं. मला तुम्ही ते का पाठवलंत?” ते आयुष्यात कधी प्यायले नव्हते, हे मला नंतर कळले. मला तेव्हा काही उत्तर देता आले नाही.

त्या रात्री जे बिघडले त्यातल्या एकाही गोष्टीला माझी मेल शिवली नव्हती. बार साडेसातला उघडला आणि जेवण लागले अकराला, कारण रिसॉर्टच्या मॅनेजरला जेवणाची वेळ कोणी सांगितलीच नव्हती. तोवर पोटात फक्त शेंगदाणे आणि पापड. पोहण्याचा तलाव रात्रभर उघडा होता. बार बंद करायची वेळ ठरली नव्हती, म्हणून तो बाटल्या संपल्यावर बंद झाला. मग एका विभागप्रमुखांनी आपल्या खोलीत पाच-सहा जणांना बोलावले, “चला, बसू या.” त्यांत तेवीस वर्षांचा एक नवा मुलगा होता. साहेब स्वतः त्याचा ग्लास भरत होते, त्यामुळे तो अडीच वाजेपर्यंत उठला नाही. सकाळी बसमध्ये त्याला उलट्या झाल्या, टीम हसली, आणि दोन महिन्यांत त्याने दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. त्या मुलाला ‘आपली मर्यादा ओळख’ असे मी लिहून दिले होते. साहेबांना मात्र मी काहीच लिहिले नव्हते.

तेव्हापासून माझे मत असे बनले आहे की ऑफिसच्या पार्टीतल्या दारूबद्दलचे धोरण पाहुण्याच्या स्वभावाबद्दल बोलू लागले की अपमानास्पद होते, आणि तेवढेच निरुपयोगीही. बोलावणारी कंपनी, खर्च करणारी कंपनी, वेळ आणि जागा ठरवणारी कंपनी. तेव्हा धोरणातली बहुतेक वाक्ये ‘कंपनी हे करेल’ अशी असायला हवीत. ‘आपण हे करू नका’ अशी वाक्ये मोजकीच हवीत, आणि त्यांतली जास्तीत जास्त वरच्या पदांवरच्या माणसांसाठी.

‘मोठी माणसे आहेत, त्यांचे त्यांना कळते’ असे म्हणून धोरणच नको म्हणणारे बरेच जण भेटतात. एरवी मलाही हा मुद्दा पटतो. मित्राच्या घरी बसलो तर ‘नको, आज नाही’ म्हणायला काही लागत नाही. पण जो माझी पगारवाढ ठरवतो त्याने ग्लास पुढे केला की तो नाकारताना मनात एक हिशेब होतोच. नाकारणारी मुलगी असेल तर हिशेब दोन्हीकडून होतो. घेतली तर एक शिक्का बसतो, नाही घेतली तर ‘मिसळत नाही’ हा दुसरा. मोठी माणसे मोकळी असतात हे खरे, पण ऑफिसची उतरंड बसमधून आपल्याबरोबरच रिसॉर्टवर येते.

इंग्लंडमधल्या एका खटल्यात हे फार स्पष्ट दिसते. डिसेंबर 2011 मध्ये नॉर्थम्प्टनच्या एका रिक्रूटमेंट कंपनीची नाताळची पार्टी एका गोल्फ क्लबमध्ये झाली. ती नीट पार पडली. त्यानंतर काही जण टॅक्सीने एका हॉटेलवर गेले आणि तिथे पिणे सुरू राहिले, बरेचसे कंपनीच्याच खर्चाने. मध्यरात्र उलटून गेल्यावर बोलणे कामावर आले. एका नव्या माणसाच्या नेमणुकीवरून कोणीतरी शंका काढली, तसे मॅनेजिंग डायरेक्टर चिडले. कंपनी माझी आहे, निर्णय मी घेतो, असे त्यांनी जमलेल्यांना ऐकवले. सेल्स मॅनेजरने शांतपणे वेगळे मत मांडले, तेव्हा डायरेक्टरांनी त्याला दोन ठोसे मारले. दुसऱ्या ठोशाने तो खाली पडला, डोके जमिनीवर आपटले आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. खालच्या न्यायालयाने म्हटले की पार्टी संपली होती, तेव्हा कंपनीचा संबंध नाही. 2018 मध्ये अपील न्यायालयाने हे फिरवले. डायरेक्टर त्या क्षणी दारू पिणारा एक पाहुणा म्हणून बोलत नव्हता, तो आपला अधिकार गाजवत होता, म्हणून भरपाईची जबाबदारी कंपनीवरही येते, असे न्यायालयाने ठरवले.

हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. पण लोणावळ्यातली ती रात्र आठवली की मला त्याची चाल ओळखीची वाटते. ठरलेला कार्यक्रम ठीक होता, बिघडले ते नंतरच्या ‘बसण्यात’, आणि तिथे मध्यभागी साहेब होते. आपल्या बहुतेक कंपन्यांचे धोरण नेमके त्या दारापाशी थांबते, कारण पुढे ‘खासगी’ सुरू होते असे धरले जाते.

आपला कायदाही ते दार ओळखत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ‘कामाचे ठिकाण’ म्हणजे फक्त ऑफिसची इमारत नव्हे. कामाच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जाईल ती प्रत्येक जागा त्यात येते, आणि कंपनीने केलेली प्रवासाची सोयसुद्धा. म्हणजे रिसॉर्टचे लॉन, खोली आणि परतीची बस, तिन्ही. लेखी तक्रारीला घटनेपासून तीन महिने मिळतात, आणि कारण पटण्याजोगे असेल तर आणखी तीन. दारूची सबब इथे चालत नाही. आपणहून प्यालेल्या माणसाला शुद्धीवर असताना जी जाणीव असती तीच होती, असे फौजदारी कायदा धरून चालतो. या 2013 च्या कायद्याची एक मर्यादा मात्र आहे. त्याखाली तक्रार फक्त महिलाच करू शकतात. अडीच वाजेपर्यंत अडकून पडलेल्या त्या मुलाला, किंवा कोणी अंगचटीला आलेल्या पुरुष सहकाऱ्याला, हा कायदा दार उघडत नाही. ते दार कंपनीने आपल्या धोरणात उघडायचे असते.

आता प्रत्यक्ष आखणी कशी दिसते ते सांगते. गेल्या काही वर्षांत आम्ही एक साचा बसवला आहे. समजा, पुण्याहून पंचेचाळीस माणसे कर्जतकडच्या रिसॉर्टवर एका रात्रीसाठी जात आहेत.

पहिला निर्णय खाण्याचा. साडेसातला भरपेट नाश्ता लागतो, म्हणजे कबाब, पनीर, पावभाजी, असे पोटाला आधार देणारे काहीतरी. बार आठला उघडतो. जेवण नऊला मांडले जाते आणि साडेदहाला बार बंद होतो. उघड्यावरचे स्पीकर दहाला बंद करायचे असतात, त्यामुळे दहाच्या सुमाराला वातावरण आपोआप उतरू लागते आणि साडेदहाची वेळ कोणाला खटकत नाही. ही वेळ रिसॉर्टच्या करारात लिहिलेली असते, म्हणून ‘अजून एक राउंड’ असा आग्रह धरणाऱ्याला आमच्यापैकी कोणी नकार द्यावा लागत नाही. बारमन सांगतो, बंद झाला.

दुसरा निर्णय मापाचा, आणि इथे बहुतेक आयोजक चुकतात. ते प्रत्येकाला दोन कूपन देतात. त्याने रेशनच्या रांगेत उभे केल्यासारखे वाटते ते वेगळेच, पण कूपनचे चलन होते. न पिणारे आपली कूपन पिणाऱ्यांना देतात, आणि दोनाची सहा होतात. आम्ही कूपन बंद केली आणि माप बदलले. बाटली टेबलावर येत नाही, बारमन मोजूनच देतो, तीस मिलिचा छोटा पेग. शॉट नाहीत. स्ट्राँग बिअर नाही.

स्ट्राँग बिअर का नाही, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ‘बिअरच तर आहे’ हे वाक्य मी प्रत्येक वेळी ऐकते. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असते, म्हणजे तीस मिलिच्या पेगात सुमारे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. साडेसहाशे मिलिच्या, आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत ते चाळीस ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एक मोठी बाटली बरोबर चार छोटे पेग. दोन बाटल्या घेणारा आठ पेग घेत असतो, आणि ते त्याच्या लक्षातही आलेले नसते. पाच टक्क्यांची लहान, 330 मिलिची बाटली ठेवली तर ती सव्वा-दीड पेगाच्या आत राहते. कोणाला काही न सांगता, कोणाकडे बघून मान न हलवता, रात्रीचे गणित बदलते. उपदेशाच्या दहा ओळींपेक्षा बारच्या यादीतली ही एक ओळ मला जास्त सभ्य वाटते.

तिसरा निर्णय परतीचा. एक छोटा पेग शरीरातून जायला साधारण एक ते दीड तास लागतो. वजन, बांधा आणि पुरुष की स्त्री यांनुसार ते बदलते, पण कॉफी किंवा गार पाण्याने लवकर होत नाही. मध्यरात्रीपर्यंत आठ पेग झालेला माणूस सकाळी आठला झोपून, आंघोळ करून, अगदी ताजातवाना दिसू शकतो आणि तरीही त्याच्या रक्तात शंभर मिलिमागे तीस मिलिग्रॅम या कायद्याच्या मर्यादेइतके किंवा जास्त अल्कोहोल असू शकते. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून बस सकाळी अकराला निघते आणि मुक्कामाच्या ऑफसाइटला स्वतःच्या गाडीने यायचे नाही, हा नियम पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या सगळ्यांना एकसारखा आहे. शहरातल्या पार्टीत टॅक्सीचे बिल कंपनी भरते, कोणीही मागितले तरी, कारण न विचारता. ‘प्यायला असाल तर टॅक्सी करा’ असे लिहिले की टॅक्सी मागणे म्हणजे कबुली देण्यासारखे होते आणि लोक गाडी काढतात.

बार उघडला की पोहण्याच्या तलावाला कुलूप लागते. याबद्दल वाद घालायला मी कधीच तयार नसते.

वयाचा मुद्दा जरा नाजूक आहे. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय पंचवीस पूर्ण लागते, सौम्य बिअर आणि वाइनसाठी एकवीस. शिवाय पिण्याचा परवाना लागतो, एक दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. कॅम्पसमधून घेतलेल्या बॅचमध्ये बावीस-तेवीस वर्षांची मुले असतात आणि कंपनी त्यांच्यासमोर व्हिस्की ठेवते, तेव्हा कायदा कंपनी मोडत असते. त्या मुलांना समज देण्यात काही अर्थ नाही. आम्ही धोरणात सरळ लिहितो: ‘राज्याच्या कायद्यानुसार पंचवीसखालच्यांना स्पिरिट्स दिले जाणार नाहीत. बारवर ओळखपत्र पाहिले जाईल, सर्वांचेच.’ ‘सर्वांचेच’ या शब्दामुळे फरक पडतो. साठीच्या डायरेक्टरांनी हसत ओळखपत्र दाखवले की मागच्या बावीस वर्षांच्या मुलीला काही वाटत नाही.

न पिणाऱ्यांविषयी धोरणात एकच वाक्य आहे: ‘कोणालाही, का घेत नाही, असे विचारायचे नाही.’ आपल्या राज्यात या प्रश्नामागे फार काही दडलेले असते. एखाद्याचा श्रावण असतो, एखादीची गोळ्यांची ट्रीटमेंट चालू असते, एखादी गरोदर असते आणि तिला ते अजून सांगायचे नसते. आणि कितीतरी जणांच्या घरात दारूने माणूस गेलेला असतो. ज्या गावांत बायकांनी मतदानाने बाटली आडवी करून दुकान बंद पाडले, त्या गावांतल्या मुली आज हिंजवडीत नोकरी करतात. त्यांना ‘एक घोट घे गं, काही होत नाही’ म्हणणाऱ्याला आपण काय बोलतो आहोत हे ठाऊक नसते. या वाक्याबरोबर खर्चाची एक ओळही लागते. बिनदारूच्या पेयांना दारूइतक्याच विचाराने पैसे द्यायचे. कोकम सरबत, ताजा लिंबू सोडा, चांगला मॉकटेल, त्याच काउंटरवर, तशाच ग्लासात. कोपऱ्यातल्या टेबलावर कोमट कोल्डड्रिंकची बाटली आणि प्लास्टिकचे कप ठेवले, तर न पिणाऱ्यांना त्यांची जागा कळतेच.

मग सरसकट दारूच का नको, असे विचारणारे सहकारी आहेत आणि मी त्यांना हलके घेत नाही. दिवसाचे स्नेहभोजन, नाटकाचे तिकीट, किल्ल्यावरची चढाई, यांत दारूचा प्रश्नच येत नाही, आणि आम्ही वर्षातल्या चारपैकी तीन कार्यक्रम आता असेच करतो. पण रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली की काय होते ते मी एकदा पाहिले आहे. बाटल्या बॅगांमधून आल्या. पिणे खोल्यांत झाले, बंद दारांमागे, उपाशी पोटी, आणि कोण कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. खोलीत कोणाला बोलावले जाईल हे पुन्हा उतरंडीने ठरले. जबाबदारी कंपनीची होतीच, फक्त हातात काही उरले नव्हते. बंदी घालायची असेल तर मुक्काम टाळावा, असे माझे मत आहे.

राहता राहिले वागण्याचे नियम. ते आम्ही चारावर आणले आहेत, आणि त्यांतले तीन मॅनेजर आणि त्यावरच्या लोकांसाठी आहेत. मॅनेजरने आपल्या हाताखालच्या कोणाचाही ग्लास भरायचा नाही. बार बंद झाल्यावर आपल्या खोलीत टीममधल्या कोणाला बोलवायचे नाही, आणि टीममधल्या कोणाच्या खोलीत जायचे नाही. पगार, बढती, रेटिंग यांवर त्या रात्री बोलायचे नाही, समोरच्याने विषय काढला तरी ‘सोमवारी बोलू’ एवढेच म्हणायचे. चौथा नियम सगळ्यांसाठी: ऑफिसात जे वागणे चालणार नाही ते इथेही चालणार नाही, आणि दारू प्यायलेली असणे ही सबब धरली जाणार नाही.

पहिल्यांदा हे वाचून दाखवले तेव्हा वरिष्ठ नाराज झाले. एक जण म्हणाले, “म्हणजे आमच्यावरच अविश्वास?” मी त्यांना सांगितले की नव्या मुलाने आपल्याला नाही म्हणावे अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा आपण विचारू नये, हे सोपे आहे. ज्याच्या हातात जास्त अधिकार त्याच्यावर जास्त बंधन, हे आपण सही करण्याच्या मर्यादेबाबत, खरेदीबाबत, भेटवस्तूंबाबत निमूट मान्य करतो. ग्लासाबाबत ते का अवघड जावे, हे मला खरोखर कळत नाही.

दोन यजमान त्या रात्री पीत नाहीत, त्यांतली एक बाई असते. त्यांचे नंबर खोलीच्या किल्लीसोबतच्या कार्डावर छापलेले असतात. त्याच कार्डावर रिसॉर्टपासूनच्या जवळच्या हॉस्पिटलचे नाव असते आणि एक वाक्य: ‘मदत मागितल्यामुळे किंवा तक्रार केल्यामुळे, तुम्ही स्वतः घेतली होती म्हणून, तुमच्यावर कोणतीही कारवाई होणार नाही.’ हे वाक्य कायदेशीर सल्लागाराने आधी कापले होते. मी ते भांडून परत घातले. दारू प्यायलेल्या मुलीने तक्रार करायला सोमवारची, मग पुढच्या सोमवारची वाट बघत बसायचे आणि तीन महिने निघून जायचे, हे मी पाहिले आहे. आपण किती घेतली होती हे आधी सांगावे लागेल, एवढीच तिची भीती होती.

आताची मेल नऊ वर्षांपूर्वीच्या मेलीपेक्षा लांब नाही. ‘नाश्ता साडेसातला, बार आठ ते साडेदहा, जेवण नऊला. स्पिरिट्स पंचवीसच्या वर, ओळखपत्र सर्वांचे. बस परतीला सकाळी अकरा वाजता. टॅक्सी, औषध, डॉक्टर, काहीही लागले तर या दोन नंबरांवर, कोणत्याही वेळी.’ खाली चार नियम. जबाबदार, सुजाण, मर्यादा, प्रतिनिधी, यांतला एकही शब्द नाही.

गेल्या वर्षी ती मेल गेल्यावर अकाउंट्समधल्या एका बाईंचे एका ओळीचे उत्तर आले. त्यांनी विचारले होते की नाश्त्यात उपवासाचे काही मिळेल का, त्यांचा गुरुवार होता. साबुदाणावडे सांगितले आणि ते इतके चालले की कबाब उरले.